समोरचा डावखुरा निघाला तर?

समजा, कॉलेजच्या टेबल टेनिस स्पर्धेचा ड्रॉ लागलाय. तुम्ही नोटीस बोर्डासमोर उभे आहात. पहिल्या फेरीत समोर कोण, तर कुणीतरी अनोळखी नाव. तुम्ही मनात ‘चला, सोपं आहे’ म्हणता आणि तेवढ्यात मागून आवाज येतो, ‘अरे, तो लेफ्टी आहे!’

आता खरं सांगा, पोटात छोटासा गोळा येतो की नाही? त्याचा खेळ तुम्ही पाहिलेला नाही. तो तुमच्यापेक्षा कच्चाही असू शकतो. तरीही डावखुरा म्हटलं की आधी अर्धा गेम आपण डोक्यातच हरतो. ही भीती नुसती हवा आहे, की तिच्यामागे काही आहे?

आहे. आणि ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच साधं आहे.

आधी थोडा हिशेब. जगात शंभर माणसं घेतली तर साधारण दहा डावखुरी निघतात. हाताचा आणि खेळातल्या यशाचा काही संबंध नसता, तर कुठल्याही खेळाच्या टॉपच्या शंभरात साधारण दहाच डावखुरे दिसायला हवेत. डार्ट्स, पोहणं, जिम्नॅस्टिक्स अशा खेळांत चित्र साधारण तसंच असतं. पण तलवारबाजी, बॉक्सिंग, टेबल टेनिस इथे आलात की आकडा एकदम चढतो. जर्मन संशोधक फ्लोरियान लॉफिंग यांनी 2017 मध्ये वेगवेगळ्या खेळांतल्या आघाडीच्या खेळाडूंची नोंद तपासली. स्क्वॉशमध्ये डावखुरे जेमतेम 9 टक्के, म्हणजे आपल्या गल्लीत असतात तेवढेच. टेबल टेनिसमध्ये साधारण पाव हिस्सा. बेसबॉलच्या पिचर्समध्ये तर 30 टक्के.

लॉफिंग यांनी आणखी एक गोष्ट मोजली. एकाने चेंडू मारला किंवा फेकला, की समोरच्याला तो खेळायला किती वेळ मिळतो? ज्या खेळात हा वेळ कमी, त्या खेळात डावखुरे जास्त. स्क्वॉशमध्ये चेंडू भिंतीवर आपटून येतो, त्यामुळे तिथे तुलनेने उसंत मिळते. टेबल टेनिसमध्ये डोळ्याची पापणी लवायच्या आत बॉल तुमच्या पोटाशी आलेला असतो. ही ‘वेळ कमी, डावखुरे जास्त’ची जोडी लक्षात ठेवा. पुढचं सगळं कोडं त्यानेच सुटतं.

पूर्वी याचं एक झकास वाटणारं उत्तर दिलं जायचं. डावखुऱ्यांचा मेंदूच वेगळा, उजवा मेंदू तल्लख, रिफ्लेक्स फास्ट वगैरे. डावखुऱ्या मित्राला वाढदिवसाच्या दिवशी सांगायला ही थिअरी छान आहे, पण ती टिकत नाही. मेंदूच भारी असता तर त्याचा फायदा डार्ट्समध्येही दिसायला हवा होता. तिथे तर नेम आणि हात एवढंच लागतं. पण जिथे समोर माणूसच नसतो, किंवा असला तरी तो तुमच्या फटक्याला लगेच उत्तर देत नसतो, तिथे हा फायदा गायब होतो. म्हणजे डावखुऱ्याच्या हातात जेवढं आहे, त्यापेक्षा जास्त काहीतरी समोरच्याच्या डोळ्यांत घडतंय.

नेमकं काय घडतं, हे एका प्रयोगाने छान दाखवलं. नॉर्बर्ट हागेमान या जर्मन संशोधकाने 2009 मध्ये टेनिसपटूंना व्हिडीओ दाखवले. समोरचा खेळाडू फटका मारतोय, आणि रॅकेट बॉलला लागते तिथे चित्र थांबतं. तुम्ही सांगायचं, बॉल कुठे जाणार? यातली खरी गंमत अशी की प्रत्येक व्हिडीओ त्यांनी आरशात उलटा करूनही दाखवला. म्हणजे तोच खेळाडू, तोच फटका, तेच टायमिंग, फक्त उजव्याचा डावा झाला. आता डावखुरे मुळातच चांगले खेळतात हा मुद्दाच बाद झाला, कारण फटका दोन्हीकडे अगदी एकच. तरीही फटका डाव्या हाताचा दिसला की लोकांचा अंदाज जास्त चुकला. आणि बघणाऱ्यांपैकी जे स्वतः डावखुरे होते, त्यांनाही उजव्याचेच फटके जास्त चांगले ओळखता आले!

हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. डावखुऱ्यालाही डावखुरा नीट कळत नाही. का? कारण त्यानेही आयुष्यभर उजवेच पाहिलेत.

आता हे तुमच्या कॉलेजच्या क्लबवर बसवून बघू. वीस खेळाडू आहेत, त्यात दोन डावखुरे. प्रत्येकाने प्रत्येकाशी एक मॅच खेळायची. तुम्ही उजवे असाल तर तुमच्या 19 मॅचेसपैकी 17 उजव्यांशी होतील आणि फक्त 2 डावखुऱ्यांशी. डावखुऱ्याच्या 19 पैकी 18 उजव्यांशी आणि एक दुसऱ्या डावखुऱ्याशी. म्हणजे तुमची आणि त्याची गाठ पडते तेव्हा त्याच्यासाठी तो रोजचा पेपर असतो, आणि तुमच्यासाठी सिलॅबसच्या बाहेरचा. वर्षभर असंच चाललं तर त्याने तुमच्यासारख्यांचे हजारो फटके पाहिलेले असतात. तुम्ही त्याच्यासारख्यांचे मोजून काही.

आता क्लबमध्ये दहा उजवे आणि दहा डावखुरे करा. उजव्याच्या वाट्याला 9 उजवे आणि 10 डावखुरे येतील, डावखुऱ्याच्या वाट्याला 9 डावखुरे आणि 10 उजवे. अनुभव सारखा, फायदा संपला. डावखुरेपणाचा फायदा हा दुर्मीळ असण्याचा फायदा आहे. म्हणून तर सगळ्यांनी उठून डाव्या हाताने खेळायला सुरुवात केली तर कुणालाच काही मिळणार नाही.

पण ओळखीचं नसणं एवढं महाग का पडावं? टेनिसमध्ये ताशी 200 किलोमीटरची सर्व्ह तुमच्यापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. त्यात बॉल बघायचा, ठरवायचं, पाय हलवायचे, रॅकेट न्यायची. बॉल सुटल्यावर विचार सुरू केला तर उशीर झालाच म्हणून समजा. त्यामुळे चांगले खेळाडू बॉलच्या आधी माणूस वाचतात. टॉस कुठे गेला, खांदा किती वळला, कोपर कुठे आहे, यावरून अंदाज आधीच बांधलेला असतो. हे वाचन मुद्दाम कुणी शिकवत नाही, ते हजारो रिपिटेशनमधून अंगात मुरतं. डावखुरा समोर आला की तीच लिपी उलटी होते. वाचता येत नाही असं नाही, पण अडखळत वाचावं लागतं. आणि अडखळायलाच वेळ नसतो.

तलवारबाजीत ही उलटी लिपी अक्षरशः दिसते. तलवारबाजीचे तीन प्रकार असतात, फॉइल, इपी आणि सेबर. आपण इपी घेऊ, कारण त्यात डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टोक लागलं तरी गुण मिळतो, आणि दोघांनी एक-पंचविसांश सेकंदाच्या आत एकमेकांना स्पर्श केला तर दोघांनाही गुण मिळतो. यावरून वेळेचा हिशेब किती बारीक आहे ते कळेल.

एक पेन घ्या आणि उजव्या हातात तलवारीसारखं धरून उभे राहा. उजवा पाय पुढे. समोर तुमचा उजवा मित्र, तसाच. त्याचा तलवारीचा हात तुम्हाला तुमच्या डावीकडे दिसेल. त्याचं पातं तुमच्या छातीच्या बाजूने येतं. ते अडवायला तुम्ही हात आतल्या बाजूला, डावीकडे नेता. तलवारबाजीत बचावाच्या जागांना नंबर असतात, त्यात हा ‘चौथा’ बचाव. उजव्या-उजव्यांच्या लढतीत तो इतक्या वेळा लागतो की हात आपोआप तिकडे जायला लागतो.

आता मित्राला पेन डाव्या हातात घ्यायला सांगा. त्याचा हात आता तुमच्या उजवीकडे आला, दोन्ही पाती एकाच बाजूला. त्याच्या पात्याचा रस्ता तुमच्या हाताच्या बाहेरच्या बाजूने सुरू होतो. तुमचं मनगट, कोपराची बाहेरची कड, खांदा, काखेखालची बरगडी हे सगळं त्याच्यासमोर उघडं आहे. इथे हात बाहेर, उजवीकडे न्यावा लागतो, म्हणजे ‘सहावा’ बचाव. पण तुमचा हात सवयीने आत जातो, आणि आत गेला की बाहेरचं दार आणखी उघडतं. नवख्या खेळाडूला डावखुऱ्याकडून सारखे मनगटावर टच बसतात ते यामुळेच.

इथे एक गोष्ट मात्र नीट बघायला हवी. ही भूमिती दोघांसाठी सारखीच आहे. त्याचं मनगट तुमच्यासमोर जेवढं उघडं, तेवढंच तुमचं त्याच्यासमोर. तलवार त्याला काही जास्तीचं देत नाही. फरक एवढाच की तो रोज याच मांडणीत लढतो आणि तुम्ही महिन्यातून एकदा. लहान गावातल्या क्लबमध्ये डावखुऱ्याचे हालही असतात, हे जाता जाता सांगायला हवं. तलवारीची बोटांच्या खाचांची मूठ डाव्या हाताची वेगळी लागते, हातमोजा वेगळा, जॅकेटची चेनसुद्धा दुसऱ्या बाजूला लागते. क्लबच्या कपाटातलं सामान त्याला चालतच नाही.

हा फायदा ओळखून एका बापाने काय केलं ते ऐका. इटलीतले तलवारबाजीचे मास्टर ज्युसेप्पे मांजारोत्ती यांचा मुलगा एदोआर्दो जन्मतः उजवा होता. वडिलांनी त्याच्या हातात तलवार दिली ती डाव्या. मुद्दाम, समोरच्याला अवघड जावं म्हणून. एदोआर्दोने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सतराव्या वर्षी सांघिक सुवर्ण मिळवलं आणि 1960 पर्यंत ऑलिंपिकची 13 पदकं घरी नेली, त्यात 6 सुवर्ण. आपल्याकडे डाव्या हाताने घास घेतला की आजी हातावर चापट मारायची आणि तिकडे हा माणूस उजव्या पोराला डावा करत होता. अर्थात ही सगळी पदकं डाव्या हाताने आणली असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. घरातच मास्टर आणि लहानपणापासून तालीम, हेही होतंच.

टेनिसमध्ये मात्र ओळखीपलीकडे आणखी एक फायदा आहे, आणि तो थेट गुणांच्या पद्धतीतून येतो. कागदावर कोर्ट काढून बघितलंत तर लगेच पटेल.

प्रत्येक गेममध्ये पहिली सर्व्ह उजवीकडून, दुसरी डावीकडून, मग पुन्हा उजवीकडून, अशी अदलाबदल चालते. डावीकडच्या बाजूला ‘अॅड कोर्ट’ म्हणतात. डावखुऱ्याने बॉलला कड देऊन, म्हणजे स्लाइस करून सर्व्ह केली तर बॉल त्याच्या उजवीकडे वळतो. अॅड कोर्टवरून अशी सर्व्ह केली की बॉल तिरका जाऊन कोर्टच्या बाहेर पळतो. घेणारा उजवा असेल तर तो त्याच्या बॅकहँडला, आणि तोही पार जाळीशेजारच्या खुर्च्यांच्या दिशेने धावत. परत येईपर्यंत अख्खं कोर्ट रिकामं.

तुम्ही म्हणाल, उजव्यालाही असं करता येईलच की, उजवीकडच्या बाजूने. येतं. पण त्याचा स्लाइस समोरच्या उजव्याच्या फोरहँडला जातो, म्हणजे बहुतेकांच्या भक्कम बाजूला. आणि आता गुण मोजा. गेम कुठल्या गुणावर संपू शकतो? 40-0 असताना तीन गुण खेळून झालेत, म्हणजे चौथा गुण डावीकडून. 40-30 असताना पाच झालेत, सहावाही डावीकडून. ड्यूसनंतर अॅडव्हांटेज असेल तर तोही डावीकडूनच. फक्त 40-15 ला उजवीकडून सर्व्ह होते. ब्रेक पॉइंटचंही तेच. 0-40, 30-40 आणि समोरच्याचा अॅडव्हांटेज, हे सगळे अॅड कोर्टवर, फक्त 15-40 अपवाद. म्हणजे गेम जाणार की राहणार या क्षणी डावखुरा नेमका त्या बाजूला उभा असतो, जिथे त्याची सगळ्यात सोयीची सर्व्ह आहे. ही पद्धत ठरवताना कुणी डावखुऱ्यांचा विचार केला असेल असं काही वाटत नाही. पण फायदा तो फायदा.

राफेल नदाल हे यातलं सगळ्यात मोठं उदाहरण. राफा लिहितो उजव्या हाताने. लहानपणी तो दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी मारायचा आणि नंतर एका हाताचा फोरहँड मारायला लागला तो डाव्या हाताने. त्याच्या या फोरहँडला प्रचंड टॉपस्पिन. तो क्रॉसकोर्ट मारला की उजव्या खेळाडूच्या बॅकहँडला जातो आणि टप्पा पडल्यावर उसळून खांद्याच्या वर येतो. रॉजर फेडररचा बॅकहँड एका हाताचा. एका हाताने खांद्याच्या वरचा बॉल जोरात मारणं म्हणजे उंच फळीवरचा डबा एका हाताने ओढण्यासारखं, जोरच लागत नाही. पॅरिसच्या मातीवर तर बॉल आणखी उसळतो. वर्षानुवर्षं नदालने हा एकच प्रश्न फेडररला पुन्हा पुन्हा विचारला. 2017 ची ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल सुरू झाली तेव्हा दोघांचा हिशेब नदालकडे 23, फेडररकडे 11 असा होता.

आणि मग त्या फायनलमध्ये काहीतरी वेगळं दिसलं. फेडररकडे पूर्वीपेक्षा मोठ्या डोक्याची रॅकेट होती. नदालचा फोरहँड आला की तो मागे सरकेना. बेसलाइनला चिकटून राहायचा आणि बॉल उसळून खांद्यापर्यंत जायच्या आतच बॅकहँडने सपाट मारायचा. पाचव्या सेटमध्ये तो 1-3 असा मागे होता. तिथून सलग पाच गेम घेऊन सेट 6-3 आणि मॅच जिंकला. त्या वर्षी दोघे चार वेळा भेटले आणि चारही वेळा फेडरर जिंकला. नदालचा हात काही बदलला नव्हता. समोरच्याने उत्तर शोधलं होतं, एवढंच. त्यासाठी तेरा वर्षं आणि तीसच्या वर मॅचेस लागल्या, हेही विसरू नका. तुमच्या क्लबमधल्या उजव्याला एवढ्या मॅचेस मिळतात कुठे?

बॅडमिंटनमध्ये आपल्या सर्वांना चटका लावून गेलेली डावखुरी म्हणजे कॅरोलिना मरीन. रिओ 2016 च्या फायनलमध्ये सिंधूने पहिला गेम 21-19 असा घेतला आणि पुढचे दोन मरीनने 21-12, 21-15 असे काढले. मरीन डावखुरी होती म्हणून जिंकली, असं मात्र म्हणता येणार नाही. त्या पातळीवर समोरचीचे व्हिडीओ महिनोन्‌महिने बघितलेले असतात, डावखुरे पार्टनर सरावाला मिळतात. तिथे मरीनचा वेग आणि आक्रमकता जास्त बोलते. बॅडमिंटनची एक बारीक भानगड मात्र आहे. शटलची पिसं सगळी एकाच दिशेने एकमेकांवर चढवलेली असतात, त्यामुळे शटल हवेत नेहमी एकाच बाजूला फिरतं. म्हणून उजव्याने कापून मारलेलं शटल आणि डावखुऱ्याने तसंच कापून मारलेलं शटल हे एकमेकांचं हुबेहूब आरशातलं रूप नसतं. ड्रॉप जिथे पडेल असं वाटतं तिथे तो पडत नाही. कधीतरी ओळखीच्या डावखुऱ्याला सलग वीस कट ड्रॉप मारायला सांगा आणि उभं राहून नुसतं बघा.

क्रिकेटचं नाव काढायचं टाळलं, कारण तिथे ‘डावखुरा’ हा शब्दच फसवा आहे. सांगलीची स्मृती मानधना बॅटिंग डाव्या हाताने करते, पण बोलिंग उजव्या हाताने. सचिन तर बॅटिंगला उजवा आणि सही करायला डावा. बॅट दोन्ही हातांनी धरतात, त्यामुळे तिथला हिशेब वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तर पहिल्या फेरीतल्या त्या लेफ्टीचं काय करायचं? ओळख कमी असणं हाच आजार असेल तर औषधही तेच, ओळख वाढवणं. हँडबॉलच्या थ्रोंवरच्या एका अभ्यासात असं दिसलंय की डावखुऱ्यांचे थ्रो ओळखण्याचा ठरवून सराव केला की ते ओळखणं सुधारतं. तुमच्या क्लबमध्ये डावखुरा नसेल तर फोनमधल्या एडिटिंग अॅपमध्ये ‘फ्लिप’चं बटण असतं. नेहमीच्या पार्टनरचा सर्व्ह करतानाचा व्हिडीओ काढा, उलटा करा, बॅटला बॉल लागायच्या क्षणी थांबवा आणि बॉल कुठे जाणार ते ओरडून सांगा. हागेमान यांच्या प्रयोगाची ही घरगुती आवृत्ती. सुरुवातीला तुम्ही स्वतःवरच हसाल इतकं चुकाल.

मॅचच्या दिवशी वॉर्म-अपमध्ये त्याला मुद्दाम सगळ्या बाजूंनी खेळवा आणि तुमचा बॉल सवयीने कुठे जातोय ते बघा. तुम्ही ज्याला ‘समोरच्याचा बॅकहँड’ समजून मारताय, तो त्याचा फोरहँड आहे. ऐकायला सोपं, पण पहिल्या गेममध्ये निम्मे गुण इथेच जातात. टेनिस असेल तर अॅड कोर्टवर सर्व्ह घेताना अर्धं पाऊल डावीकडे उभे राहा. मधली लाइन थोडी उघडी पडेल, पडू द्या. तिथे मारायला त्याला त्याची लाडकी सर्व्ह सोडावी लागेल. तलवारबाजी असेल तर गार्डचा हात दोन बोटं बाहेर ठेवा आणि त्याचं पातं बाहेरूनच पकडायचा प्रयत्न करा.

आणि हरलात तर हाताला दोष देण्याआधी एक तपासा. गमावलेल्या गुणांपैकी किती पहिल्या गेममधले आणि किती शेवटच्या? पहिल्या गेममध्ये सारखे चुकलात आणि नंतर सावरत गेलात, तर तुम्हाला त्याचा हात नडला. शेवटपर्यंत सारखेच गुण जात राहिले, तर तो तुमच्यापेक्षा चांगला खेळतो, मग हात कुठलाही असो.

राहता राहिले या पानाचे डावखुरे वाचक. तुम्ही आत्तापर्यंत गालातल्या गालात हसत असाल. एकच विचारतो, तुम्ही शेवटचे दुसऱ्या डावखुऱ्याशी कधी खेळलात? वर तो वीस जणांचा हिशेब आहे ना, त्यात तुमच्या 19 मॅचेसपैकी डावखुऱ्याशी फक्त एक. उजव्याला निदान दोन तरी मिळतात.